दामदुप्पट होते कधी?

शाळेच्या गणितात 'द. सा. द. शे.' ही अक्षरे भेटली नाहीत, असा माणूस मराठी मुलुखात सापडणे कठीण. दर साल दर शेकडा. रामूने शामूला इतके रुपये इतक्या टक्क्यांनी दिले, तर किती वर्षांनी किती होतील, हे कोडे सोडवताना आपल्यापैकी अनेकांनी पट्टीचा मारही खाल्ला आहे. पुढे संसाराला लागल्यावर तीच अक्षरे बँकेच्या खिडकीपाशी पुन्हा भेटतात. तोवर सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक डोक्यातून निघून गेलेला असतो. उरलेला असतो तो एकच प्रश्न : "साहेब, पैसे दुप्पट कधी होणार?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर तोंडी काढता येते. पण ते उत्तर ठेवीच्या अर्जावरच्या एका छोट्याशा चौकोनावर अवलंबून असते आणि त्या चौकोनाकडे फारसे कुणी पाहत नाही. हा चौकोन काय करतो, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरणातली माणसे काल्पनिक आहेत, आकडे मात्र खरे.

दोन जावांच्या दोन पावत्या

एका घरातल्या दोन जावा. सासूबाईंच्या नावावरचे शेत विकले गेले आणि दोघींच्या वाट्याला एकेक लाख रुपये आले. दोघी एकाच दिवशी एकाच बँकेत गेल्या. दोघींनी दहा वर्षांची मुदतठेव ठेवली. व्याजाचा दर दोघींना तोच, सात टक्के. अर्जही सारखाच. फरक एवढाच, की 'व्याज कसे हवे' या रकान्यात थोरलीने 'दर तिमाहीला बचत खात्यात जमा' यापुढे खूण केली आणि धाकटीने 'मुद्दलात मिळवून मुदतीअखेर' यापुढे.

दहा वर्षांनी दोघी पावत्या घेऊन खिडकीपाशी आल्या. धाकटीच्या हातात दोन लाख एकशे साठ रुपये पडले. थोरलीच्या पावतीवर एक लाखच होते.

"अगं, तुझे दुप्पट झाले आणि माझे आहेत तेवढेच? बँकेने मला फसवले की काय?" थोरली म्हणाली.

"जाऊबाई, तुमचे व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येत होते ना? तुम्ही पासबुक भरून घेता का कधी?"

पासबुक भरून घेतले, तेव्हा त्यात १,७५० रुपयांच्या चाळीस नोंदी निघाल्या. वर्षाचे सात हजार, म्हणजे तिमाहीचे साडेसतराशे, चाळीस तिमाह्यांचे सत्तर हजार. बँकेने एक पैसाही बुडवला नव्हता. थोरलीचे एकूण एक लाख सत्तर हजार झाले होते. धाकटीचे दोन लाख. तीस हजारांचा फरक त्या एका खुणेने पडला.

थोरलीचे ते व्याज घरखर्चाला लागले असेल, तर तक्रारीला जागाच नाही. किराणा, औषधे, मुलांची फी यांना ते उपयोगी पडले आणि ठेव त्यासाठीच होती. पण बऱ्याच घरांत तसे होत नाही. व्याज बचत खात्यात येते आणि तिथेच लोळत पडते. बचत खात्याचा दर अडीच टक्के धरला आणि थोरलीने एकही रुपया काढला नाही असे मानले, तर चाळीस हप्ते त्यांवरच्या व्याजासह सुमारे ७९ हजारांवर जातात. म्हणजे तिच्याकडे एकूण एक लाख ७९ हजार. पैसा खर्च केला नाही, हौसमौज केली नाही, तरी जावेपेक्षा एकवीस हजार कमी. सात टक्क्यांवर काम करू शकणारा पैसा अडीच टक्क्यांवर बसून राहिला, त्याची ही किंमत.

व्याजाला व्याज कसे लागते?

आता धाकटीच्या पावतीच्या पोटात काय घडले, ते सावकाश पाहू. आपल्याकडे बँका मुदतठेवीवर सर्वसाधारणपणे दर तिमाहीला चक्रवाढ करतात. सात टक्के वर्षाला, म्हणजे तिमाहीला पावणेदोन टक्के. पहिल्या तीन महिन्यांनी एक लाखावर १,७५० रुपये व्याज झाले. थोरलीचे साडेसतराशे खात्यात गेले, धाकटीचे पावतीतच राहिले. दुसऱ्या तिमाहीत धाकटीचे मुद्दल झाले १,०१,७५०. त्यावर पावणेदोन टक्के म्हणजे १,७८० रुपये ६३ पैसे. तीस रुपये ६३ पैसे जास्त मिळाले. हे साडेसतराशेवरचे तीन महिन्यांचे व्याज. तिसऱ्या तिमाहीत व्याज सुमारे १,८१२ रुपये आणि चौथ्या तिमाहीत सुमारे १,८४३. वर्षअखेर पावतीची किंमत १,०७,१८६ रुपये.

पहिल्या वर्षी थोरलीला ७,००० मिळाले, धाकटीला ७,१८६. फरक अवघा १८६ रुपयांचा. म्हणूनच वर्षभराच्या ठेवीवर चक्रवाढ की सरळ यावरून डोके शिणवण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या ठेवीवर तर बँका साधारणपणे सरळव्याजच देतात.

गंमत आहे ती पुढे. थोरलीचे व्याज दहाही वर्षे सात हजारांवर थांबलेले. धाकटीच्या पावतीची किंमत नवव्या वर्षाअखेर १,८६,७४१ रुपये होते आणि दहाव्या एकाच वर्षात तीवर १३,४१९ रुपये व्याज चढते. दर तोच सात टक्के, पण तो लागतो जवळजवळ दुप्पट रकमेवर. त्याच पावतीचा दीड लाखाचा टप्पा पाहिला, तर तो गाठायला पाच वर्षे दहा महिने लागतात. पुढचे पन्नास हजार चार वर्षे दोन महिन्यांतच मिळतात. चक्रवाढ सुरुवातीला संथ असते आणि शेवटी धावते. त्यामुळे जो माणूस सातव्या वर्षी गरज नसताना पावती मोडतो, तो नेमका धावण्याच्या वेळी गाडीतून उतरतो. शिवाय मुदतीआधी मोडल्यास बँक ठरलेला दर देत नाही. जितका काळ ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर लावते आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात.

शंभर, सत्तर आणि बहात्तर

आता दुप्पट होण्याचा हिशेब. सरळव्याजाचा तर फारच सोपा. शंभर रुपयांवर दर वर्षी सात रुपये मिळणार, तर आणखी शंभर जमायला किती वर्षे? शंभराला सातने भागा. सव्वाचौदा वर्षांहून किंचित जास्त. दर दहा टक्के असेल तर दहा वर्षे, आठ टक्के असेल तर साडेबारा. सरळव्याजाचा आकडा शंभर, एवढे लक्षात ठेवले की झाले.

चक्रवाढीत मात्र मुद्दल एका जागी उभे राहत नाही. ते शंभरापासून निघते आणि दोनशेपर्यंत जाते. व्याज सतत शंभरावरच मिळाले असते, तर वेळ लागला असता शंभर भागिले दर. व्याज पहिल्या दिवसापासून दोनशेवर मिळाले असते, तर लागला असता पन्नास भागिले दर. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, हे उघड आहे. मग मधला आकडा कोणता? पंचाहत्तर? मुद्दल सरासरीने दीडशे असते असे धरले, तर शंभराला दीडने भागून सदुसष्टाच्या आसपास आकडा येतो. पण आपण आताच पाहिले, की मुद्दल दीडशेच्या खाली जास्त काळ रेंगाळते आणि वर कमी काळ राहते. म्हणून त्याची सरासरी दीडशेपेक्षा थोडी कमी, सुमारे एकशे चव्वेचाळीस येते. शंभराला एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांशाने भागले, की उत्तर ६९ आणि वर थोडे. हीच ती जागा.

बँकेच्या तिमाही चक्रवाढीसाठी ७० हा आकडा धरावा. सत्तर भागिले दर, म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे. सात टक्क्यांना दहा वर्षे : धाकटीच्या पावतीने हे तंतोतंत दाखवले. चाळिसाव्या तिमाहीला दोन लाख एकशे साठ झाले. एकोणचाळिसाव्या तिमाहीला अजून तीन हजारांहून अधिक कमी होते. आठ टक्क्यांना पावणेनऊ वर्षे, सहा टक्क्यांना अकरा वर्षे आठ महिने. ठेवीच्या नेहमीच्या दरांना हा नियम महिन्या-दोन महिन्यांपलीकडे चुकत नाही.

व्याज वर्षातून एकदाच मुद्दलात मिळत असेल, तर वाढ किंचित संथ होते आणि आकडा थोडा मोठा, म्हणजे ७२ धरावा लागतो. जगभर प्रसिद्ध आहे तो हाच बहात्तराचा नियम. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात तो दिला आहे. बहात्तरला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा अशा कितीतरी आकड्यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून तो तोंडी हिशेबाला सोयीचा. आठ टक्क्यांना नऊ वर्षे, नऊ टक्क्यांना आठ, बारा टक्क्यांना सहा.

पोस्टाच्या किसान विकास पत्राचे व्याज असे वर्षातून एकदाच चक्रवाढ होते आणि ते पत्रच दुप्पट होण्यासाठी असते, म्हणून या नियमाची परीक्षा त्याच्यावर घेता येते. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर साडेसात टक्के झाला आणि मुदत ११५ महिने ठरली. बहात्तरला साडेसातने भागा. नऊ पूर्णांक सहा दशांश वर्षे, म्हणजे ११५ महिने आणि वर काही दिवस. टपाल खात्याचा आकडा आणि आपला तोंडी आकडा एकच.

मात्र हा नियम मोठ्या दरांना चुकू लागतो. वर्षाला ३६ टक्के दराने बहात्तरचा नियम दोन वर्षे सांगतो, प्रत्यक्षात सव्वादोन लागतात. तेव्हा तो ठेवींसाठी वापरावा, सावकारीसाठी वापरायचा असेल तर महिन्याच्या दराने वापरावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन टक्क्यांनी चढत असेल, तर बहात्तर भागिले तीन म्हणजे चोवीस महिन्यांत ती दुप्पट होते. येथे नियम पुन्हा जवळजवळ बरोबर आहे. खरे उत्तर साडेतेवीस महिने.

'वर्षाला दहा टक्के' कुठून आले?

आता ज्या ठिकाणी घरोघरची माणसे फसतात, तिथे येऊ. समजा एखाद्या ठिकाणी फलक लागला आहे : 'दहा वर्षांत रक्कम दुप्पट. वार्षिक उत्पन्न १० टक्के!' वाचणारा म्हणतो, इथे दहा टक्के मिळतात आणि आपली बँक सातच देते. तो बँकेतली ठेव मोडून तिकडे जातो. प्रत्यक्षात तो जिथून निघाला तिथेच पोहोचलेला असतो. कारण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे तिमाही चक्रवाढीने सातच टक्के. धाकटीची पावती हेच करत होती. दहा हा आकडा आला कुठून? एक लाखावर दहा वर्षांत एक लाख व्याज झाले, त्याला दहाने भागले, दर वर्षी दहा हजार, म्हणजे दहा टक्के. चक्रवाढीने मिळालेले व्याज सरळव्याजाच्या मापाने मोजले आणि दर फुगला.

फलकावर लिहिलेले खोटे आहे, असे म्हणता येत नाही. भागाकार बरोबर आहे. पण हे माप इतके लवचीक आहे, की मुदत वाढवली की आकडा आपोआप वाढतो. त्याच सात टक्क्यांच्या ठेवीचे 'वार्षिक उत्पन्न' एका वर्षाला ७.१९ टक्के, पाच वर्षांना ८.३० टक्के आणि दहा वर्षांना १० टक्के दिसते. बँकेने एक पैसाही जास्त दिलेला नाही. म्हणून जाहिरातीत 'दर' आणि 'उत्पन्न' असे दोन आकडे दिसले, की दोन ठेवींची तुलना नेहमी दराने करावी आणि व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळते, ते विचारावे.

याची दुसरी बाजूही आहे. चक्रवाढ हा शब्द ऐकला की ती सरळव्याजापेक्षा चांगलीच असणार, असेही समजू नये. एखाद्या पतसंस्थेने खरोखरच दहा टक्के सरळव्याज दिले आणि बँकेने सात टक्के चक्रवाढ दिली, तर पाच वर्षांनी सरळव्याजाचे दीड लाख होतात आणि चक्रवाढीचे एक लाख ४१ हजार. दहाव्या वर्षी दोघे बरोबरीला येतात. त्यानंतर तोच दर पुढे मिळाला, तर पंधराव्या वर्षी सरळव्याज अडीच लाखांवर असते आणि चक्रवाढ दोन लाख ८३ हजारांवर. म्हणजे पाच वर्षांत मुलीचे लग्न असेल तर उत्तर वेगळे, निवृत्तीला पंधरा वर्षे असतील तर वेगळे. पतसंस्था पैसे परत देण्याइतकी सुदृढ आहे का, हा प्रश्न अर्थात या गणिताच्या आधीचा.

साडेपाच वर्षांची आठवण

आज साठी ओलांडलेल्या पिढीच्या मनात 'पाच-साडेपाच वर्षांत दुप्पट' हा हिशेब घट्ट बसलेला आहे आणि त्याला कारण आहे. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघाले, तेव्हा ते साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. बहात्तरला साडेपाचने भागले, तर तेरा टक्क्यांच्या वर दर येतो. त्या काळात तो दर सरकारच देत होते. पुढे दर उतरत गेले. २००३ मध्ये तेच पत्र दुप्पट व्हायला आठ वर्षे सात महिने लागू लागले. २०११ मध्ये ते बंद झाले, २०१४ मध्ये शंभर महिन्यांच्या मुदतीने पुन्हा आले आणि २०२३ मध्ये ११५ महिन्यांवर गेले. पत्र तेच, 'दुप्पट' तेच, वाट मात्र चार वर्षांनी लांबली.

जुनी आठवण आणि नवे दर यांच्या मधल्या या फटीतच फसव्या योजना शिरतात. 'तीन वर्षांत दामदुप्पट' असे कुणी म्हणाले, तर ज्येष्ठांना ते फारसे अशक्य वाटत नाही. पूर्वी साडेपाच वर्षांत होत असे, आता तीन. अशा वेळी बहात्तरचा नियम उलटा चालवावा. बहात्तर भागिले तीन, म्हणजे चोवीस. वर्षाला निदान चोवीस टक्के. काटेकोर हिशेबाने सव्वीस. म्हणजे हा माणूस आपल्याला वर्षाला सव्वीस टक्के देऊन वर स्वतःचा नफाही काढणार आहे. असा कोणता धंदा आहे, की ज्याला बँकेचे कर्ज परवडत नाही, पण आपले सव्वीस टक्क्यांचे परवडते? हा प्रश्न त्याला विचारावा. उत्तराची वाट पाहण्याची गरज नाही.

'दामदुप्पट' हा शब्द आज आमिषाचा झाला असला, तरी मुळात तो ऋणकोच्या रक्षणाचा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम असा, की सावकाराला एका वेळी वसूल करता येणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभराचे कर्ज कितीही वर्षे थकले, तरी एका वेळी मुद्दलासह दोनशेच्या वर मागता येत नसे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये हा नियम मानत होती. चक्रवाढ कुळाच्या अंगावर धावून जाऊ नये, म्हणून घातलेली ती वेस होती. ठेवीदाराला मात्र अशी वेस नाही; त्याचा पैसा दुपटीच्या पुढेही जाऊ शकतो, तो मध्येच अडला नाही तर.

पावती कुठे अडते?

तो अडतो मात्र बऱ्याच वेळा आणि तोही ठेवीदाराच्या नकळत. पहिली जागा नूतनीकरणाची. अनेक जण दहा वर्षांची ठेव न करता वर्षा-दोन वर्षांची करतात आणि ती आपोआप पुढे चालू ठेवायला सांगतात. त्या सूचनेत 'फक्त मुद्दलाचे नूतनीकरण' आणि 'मुद्दल व व्याज दोन्हींचे' असे दोन पर्याय असतात. पहिला निवडला गेला असेल, तर दर वर्षी व्याज बचत खात्यात जाते आणि ठेव पुन्हा एक लाखापासून सुरू होते. ठेव चक्रवाढ, हिशेब मात्र थोरल्या जाऊबाईंचा. शिवाय प्रत्येक नूतनीकरणाला त्या दिवशीचा दर लागतो. तो चढलेला असेल किंवा उतरलेला.

दुसरी जागा मुदत संपल्यानंतरची. आपोआप नूतनीकरणाची सूचना नसेल आणि ठेवीदार बँकेत गेलाच नाही, तर पावती झोपते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमानुसार, मुदत संपूनही न नेलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. कपाटाच्या खणात नीट घडी घालून ठेवलेली पावती आपल्याला सुरक्षित वाटते. पण तिच्यावरची तारीख उलटली असेल, तर ती दहा वर्षांत दुप्पट होण्याच्या वेगावरून अठ्ठावीस वर्षांच्या वेगावर आलेली असते. सत्तर भागिले अडीच करून पाहा.

तिसरी जागा कराची. व्याज हातात आले नाही, म्हणजे कर नाही, अशी एक समजूत आहे. बँक मुदतीअखेर एकदम व्याज देत असली, तरी ते दर वर्षी तुमच्या नावे जमा होत असते. ठरलेल्या मर्यादेपुढे ते गेले, की दर वर्षी बँक त्यातून कर कापून भरते. तो कर पावतीतल्या व्याजातूनच गेला, तर मुदतीअखेर पावतीवर छापल्यापेक्षा कमी रक्कम मिळते. खिडकीपाशी होणाऱ्या अनेक वादांचे मूळ येथे असते. वीस टक्के कर भरणाऱ्याला सात टक्क्यांतले ढोबळमानाने ५.६ टक्केच उरतात. सत्तर भागिले ५.६, म्हणजे साडेबारा वर्षे. त्याचे दुप्पट अडीच वर्षे लांबले.

आणखी एका वादाचा उलगडा येथेच करून टाकू. काही जण व्याज दरमहा मागतात. एक लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार, तर महिन्याला ५८३ रुपये मिळायला हवेत. बँक देते सुमारे ५८०. तीन रुपये कुठे गेले? ते बँकेने लाटलेले नाहीत. व्याज तिमाहीने देय होते. तुम्ही ते आधीच उचलता, म्हणून बँक तेवढ्या दिवसांचे व्याज वळते करते. चक्रवाढ दोन्ही बाजूंना सारखीच लागू असते.

हे सारे पाहायला गणिताची पदवी लागत नाही. पावती हातात घ्यावी आणि तिच्यावरची मुदतपूर्तीची रक्कम वाचावी. ती मुद्दलाएवढीच असेल, तर तुमचे व्याज दुसरीकडे कुठे तरी जात आहे. ते कुठे जाते आणि त्याचे काय होते, ते पासबुकात पाहावे. ती मुद्दलापेक्षा मोठी असेल, तर व्याज मुद्दलात मिळते आहे. मग शेवटची तारीख आणि नूतनीकरणाची सूचना, या दोन गोष्टी तपासाव्यात.

आणि दुप्पट झाल्यावरही एक भागाकार करून ठेवावा. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर बहात्तर भागिले सहा, म्हणजे बारा वर्षांत बाजारातल्या वस्तूंची किंमतही दुप्पट होते. कर वजा जाता ज्याचे पैसे साडेबारा वर्षांत दुप्पट होतात, त्याच्या पिशवीत तेव्हा आजच्यापेक्षा थोडे कमीच सामान येणार. बहात्तरचा नियम ठेवीची पाठ थोपटतो, तसा तिला आरसाही दाखवतो.

आपल्या दोघी जावांचे पुढे काय झाले? थोरलीने एक लाखाची पावती पुन्हा केली. या वेळी कारकुनाने अर्ज पुढे सरकवताच तिने चष्मा चढवला आणि 'व्याज कसे हवे' हा रकाना दोनदा वाचला. घरखर्चाला महिन्याला थोडी मदत लागतेच, म्हणून चाळीस हजारांवरचे व्याज तिने खात्यात मागितले आणि साठ हजारांचे मुद्दलात मिळवायला सांगितले. दोन वेगळ्या पावत्या केल्या. धाकटीने विचारले, "जाऊबाई, साठ हजारांचे दुप्पट कधी होतील, साहेबांना विचारायचे का?"

"त्यांना कशाला विचारायचे?" थोरली म्हणाली. "दर साडेसहा लिहिलाय. सत्तरला साडेसहाने भाग. पावणेअकरा वर्षे."